कॉलनीतला रस्ता किती रुंद, बिल्डिंग किती उंच आणि पायी चालणाऱ्याला सावली कुठे : नाशिकसाठी मोजमापासकट पद्धत

गंगापूर रोड, इंदिरानगर, महात्मानगर, गोविंदनगर, कुठेही जा, बंगले पाडून तिथे पार्किंग आणि वर पाच मजले असं काम चालू आहे. प्रत्येक ठिकाणी प्रश्न साधारण एकच येतो, की एवढ्या रस्त्याला एवढी उंच बिल्डिंग झेपेल का. यावर लोक दोन टोकांना जातात, एक म्हणतात उंची वाढली की कॉलनी संपली, दुसरे म्हणतात रस्ता मोठा करा म्हणजे सगळं ठीक होईल. मी रस्त्यांच्या डिझाइनचं काम करतो आणि माझं म्हणणं असं आहे की नाशिकमध्ये हा प्रश्न रस्त्याची दिशा बघितल्याशिवाय सुटतच नाही. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर उंच बिल्डिंग पायी माणसाला उन्हाळ्यात चक्क मदत करते, आणि तीच बिल्डिंग पूर्व-पश्चिम रस्त्यावर उन्हाळ्यात काही कामाची नाही, वरून थंडीत समोरच्यांचं ऊन खाऊन टाकते. हे कसं मोजायचं, त्यावरून फुटपाथ कुठल्या बाजूला घ्यायचा आणि बिल्डरकडे काय मागायचं, ते एका 9 मीटरच्या कॉलनी रोडवर करून दाखवतो.

आधी खरी रुंदी शोधा

कागदावरची रुंदी, डांबराची रुंदी आणि डोळ्याला जाणवणारी रुंदी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मीटिंगमध्ये निम्मी भांडणं यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. कागदावरची रुंदी म्हणजे मंजूर लेआउटमध्ये किंवा विकास आराखड्यात जी लिहिली आहे ती, म्हणजे समोरासमोरच्या दोन कंपाउंड वॉलमधलं अंतर. ती महापालिकेच्या नगररचना विभागातून लेआउटची कॉपी काढून बघायची, शेजाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. 9 मीटरचा आकडा आपल्याकडे इतका गाजतो त्याचं कारण म्हणजे 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, म्हणून 6 आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांवरच्या प्लॉटवाल्यांना तो 9 व्हावा असं वाटत असतं.

आता 30 मीटरचा टेप घ्या, दोन माणसं लागतील, सकाळी लवकर गाड्या कमी असताना जा. रस्त्यावर तीन ठिकाणी, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, चार मापं घ्या : डांबराची रुंदी, कंपाउंड ते कंपाउंड, दोन्ही बाजूंना कंपाउंडपासून बिल्डिंगच्या भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे फ्रंट मार्जिन, आणि मग कंपाउंड ते कंपाउंड अधिक दोन्ही मार्जिन अशी बेरीज म्हणजे भिंत ते भिंत. पायी चालणाऱ्याला जी मोकळीक किंवा जो कोंडमारा जाणवतो तो या शेवटच्या आकड्याचा असतो. आपल्या उदाहरणात डांबर 5.5 मीटर निघालं, कंपाउंड ते कंपाउंड 9 मीटर, दोन्हीकडे मार्जिन 3-3 मीटर, म्हणजे भिंत ते भिंत 15 मीटर. डांबर साडेपाच आणि रस्ता नऊ, मग मधले साडेतीन मीटर गेले कुठे? ते असतात गेटचे रॅम्प, बाहेर काढलेल्या कुंड्या, दोन पायऱ्या, कडेचा मातीचा पट्टा, लाईटचे खांब आणि त्यावर चढवलेली चारचाकी यात. फुटपाथसाठी जागाच नाही असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा हे साडेतीन मीटर त्यांना दाखवायचे.

मग उंची, आणि उंचीला रुंदीने भागा

उंचीसाठी मजले मोजा, मजल्याला सरासरी 3 मीटर धरा, पार्किंगचा मजला थोडा कमी असतो, वर पॅरापीटचा म्हणजे गच्चीच्या कठड्याचा एक मीटर, एवढ्यावर काम भागतं. अजून नेमकं हवं असेल तर ऊन असताना एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली मोजा आणि त्याच वेळी बिल्डिंगची सावली मोजा, बिल्डिंगच्या सावलीला काठीच्या सावलीने भागलं की उंची मिळते. फक्त बिल्डिंगची सावली सपाट जमिनीवर पडलेली पाहिजे आणि मोजायची ती बिल्डिंगच्या एका कोपऱ्याच्या पायापासून त्याच कोपऱ्याच्या सावलीच्या टोकापर्यंत.

जुना बंगला तळमजला अधिक एक, साधारण 7 मीटर. 7 भागिले 15, म्हणजे अर्ध्याच्या आसपास. नवीन बिल्डिंग पार्किंग अधिक पाच मजले, पॅरापीट धरून 18 मीटर. 18 भागिले 15, म्हणजे 1.2.

या आकड्यांचा अर्थ काय? शहररचनेत बराच जुना ठोकताळा आहे. उंची रुंदीच्या अर्धी ते बरोबरीची असेल तर रस्त्याला दोन्हीकडून आधार मिळाल्यासारखं वाटतं, खोलीत असावं तसं, तरी आभाळ भरपूर दिसतं. गुणोत्तर पाव भागाच्या खाली गेलं की रस्ता ओसाड वाटायला लागतो, माणूस मधोमध उघडा पडतो आणि गाड्यांचा वेग आपोआप वाढतो, नवीन भागांतल्या खूप रुंद रस्त्यांवर दुतर्फा बंगले असले की हेच होतं. एकाच्या वर गेलं की दोन्ही भिंती अंगावर आल्यासारख्या वाटायला लागतात, आणि रात्री भिंतींतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही कारण त्यांना मोकळं आभाळ कमी मिळतं. पण एकाच्या वर म्हणजे वाईटच असं अजिबात नाही, भद्रकाली किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्या बघा, रुंदी तीनेक मीटर आणि दोन-तीन मजली वाडे, गुणोत्तर दोनच्याही वर जातं, आणि तरी मे महिन्यात तिथून चालणं गंगापूर रोडवरून चालण्यापेक्षा सुखाचं असतं, कारण सावली आहे, ओटे आहेत, दारं रस्त्यावर उघडतात आणि मोठी गाडी आत घुसत नाही. म्हणजे गुणोत्तराने जाणीव कळते, ऊन कळत नाही. उन्हासाठी पुढची पायरी.

रस्त्याची दिशा आणि सावलीचा हिशेब

हा भाग नीट वाचा, सगळ्या लेखाचा जीव इथे आहे.

नाशिक जवळपास 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. याचा परिणाम असा की मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो. आणि अख्खा मे महिना सूर्य पूर्वेकडून डोक्यावरून जवळजवळ सरळ पश्चिमेकडे जातो, दक्षिणेला फारसा झुकतच नाही. त्यामुळे मे महिन्यात सावल्या सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे पडतात, उत्तरेला किंवा दक्षिणेला जवळपास पडतच नाहीत.

आधी उत्तर-दक्षिण रस्ता घ्या. मेच्या मध्याला पश्चिमेकडच्या बिल्डिंगची सावली रस्त्यावर आडवी किती लांब पडते त्याचे तीन आकडे लक्षात ठेवा : दुपारी अडीचला उंचीच्या साधारण निम्मी, साडेतीनला उंचीच्या नऊ दशांश, साडेचारला उंचीच्या दीडपट. एप्रिलमध्ये थोडा फरक पडतो पण निर्णय बदलेल एवढा नाही.

हे आपल्या रस्त्याला लावू. 7 मीटरचा बंगला, अडीच वाजता सावली पावणेचार मीटरच्या आसपास, त्यातले 3 मीटर त्याच्याच मार्जिनमध्ये गेले, रस्त्यावर आली ती पाऊण मीटर, म्हणजे कंपाउंडला चिकटून चाललात तर अर्धं अंग सावलीत. साडेतीनला 6.3 मीटर, रस्त्यावर 3.3 मीटर, पश्चिमेकडचा फुटपाथ पूर्ण झाकला. आता 18 मीटरची बिल्डिंग, अडीचलाच सावली साडेनऊ मीटरच्या पुढे, मार्जिन वजा करून रस्त्याचे साडेसहा मीटर सावलीत, आणि साडेतीनला 16 मीटर, म्हणजे समोरच्या भिंतीपर्यंत अख्खा रस्ता सावलीत. दिवसातली सगळ्यात तापलेली वेळ साधारण दुपारी दोन ते चार, शाळा सुटायची वेळही अनेक ठिकाणी त्याच्या आगेमागे, म्हणून उत्तर-दक्षिण रस्त्यावर एकच चांगला फुटपाथ करता येणार असेल तर तो पश्चिमेकडच्या बिल्डिंगांच्या पायाशी, म्हणजे रस्त्याच्या पश्चिम कडेला करायचा. पूर्वेकडच्या कडेला सकाळी दहापर्यंत सावली असते खरी, पण तेव्हा तिची गरज एवढी नसते.

आता तीच बिल्डिंग पूर्व-पश्चिम रस्त्यावर ठेवा. मेच्या मध्याला दुपारी साडेतीनला रस्त्यावर आडवी सावली उंचीच्या दहाव्या भागाएवढी, 18 मीटरला पावणेदोन मीटरच्या आसपास, ती सुद्धा मार्जिनमध्येच संपते. साडेचारला उंचीच्या पावपट, उत्तरेकडच्या बिल्डिंगची दक्षिणेकडे साडेचार मीटर, म्हणजे रस्त्यावर जेमतेम दीड मीटर. अठरा मीटरची भिंत उभी आहे आणि दुपारभर जवळजवळ सगळा रस्ता उन्हात. इथे बिल्डिंगच्या उंचीवर सावलीसाठी अवलंबून राहणं म्हणजे फसवणूक आहे, इथे झाडच पाहिजे, दुसरा इलाज नाही.

याच रस्त्याची डिसेंबरची बाजू बघा. 21 डिसेंबरच्या आसपास दुपारी सूर्य दक्षिणेला साडेसेहेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे भर दुपारी सावली उत्तरेकडे उंचीच्या जवळजवळ एवढीच, 18 मीटरच्या बिल्डिंगची 17 मीटर. भिंत ते भिंत अंतर 15. म्हणजे दक्षिणेकडच्या बिल्डिंगमुळे अख्खा रस्ता दिवसभर सावलीत आणि समोरच्या घराच्या तळमजल्याच्या दोन मीटर उंचीपर्यंतसुद्धा ऊन पोहोचत नाही. नाशिकची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको, सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसणाऱ्या आजी-आजोबांचं ऊन यात जातं. म्हणून पूर्व-पश्चिम रस्त्यावर उंचीबद्दल तक्रार करायची असेल तर ती दक्षिणेकडच्या बाजूबद्दल करा, ती तक्रार मोजून सिद्ध करता येते. उत्तरेकडच्या बाजूची उंची रस्त्याला तेवढी त्रास देत नाही.

तुमचा रस्ता तिरपा असेल, नाशिकमध्ये असे भरपूर आहेत, तर फोनमधल्या कंपासवर बघा की तो कुठल्या दिशेच्या जास्त जवळ आहे आणि मग मेमध्ये दुपारी तीन वाजता प्रत्यक्ष उभं राहून खडूने सावलीची कड रस्त्यावर ओढा. हिशेबात गडबड असेल तर तिथेच कळते.

9 मीटरमध्ये काय बसवायचं

आता नकाशावर कंपाउंड ते कंपाउंड 9 मीटरची आडवी रेघ ओढा. सगळ्यात आधी येतो तो प्रस्ताव म्हणजे मध्ये साडेपाच मीटर डांबर आणि दोन्हीकडे पावणेदोन-पावणेदोन मीटर फुटपाथ. कागदावर छान दिसतं, जागेवर सपशेल बिघडतं. आयआरसी 103 ही पादचारी सुविधांची मार्गदर्शिका निवासी भागात किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागते, मोकळी म्हणजे खांब, झाड, डीपी बॉक्स, काहीही मध्ये न येता. पावणेदोनमधून खांब वजा केला की एक मीटर उरतो आणि त्यावर दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन शेजारी चालू शकत नाहीत, मग त्या रस्त्यावर उतरतात आणि रिकाम्या फुटपाथवर आठवड्याभरात गाड्या लागतात.

मी असं करीन. सावलीच्या कडेला 1.8 मीटर सलग फुटपाथ. त्याला लागून 2 मीटरचा पट्टा, ज्यात झाडं, खांब आणि झाडांच्या मधल्या जागेत चारचाकी पार्किंग. मग 4.5 मीटर डांबर. आणि पलीकडच्या कडेला 0.7 मीटर, पावसाळी गटारीसाठी आणि गेटमधून बाहेर पडणाऱ्याला जरा दिसावं यासाठी. बेरीज 9. साडेचार मीटर ऐकून लोक दचकतात, पण दोन गाड्या हळू चालवत एकमेकींच्या बाजूने साधारण 4.1 मीटरमध्ये निघतात, घंटागाडी उभी असली तर मागचा अर्धा मिनिट थांबेल, आणि अग्निशमनच्या बंबाला जायला 3.7 मीटर लागतात ते आहेतच. मात्र साडेचारवर कोणी गाडी लावता कामा नये, म्हणूनच पार्किंग वेगळ्या पट्ट्यात घेतलंय. पट्टा न देता नुसतं डांबर अरुंद केलं तर पहिल्या दिवशी गाड्या डांबरावर लागतील, बंब अडकेल आणि सगळी योजना बदनाम होईल.

पलीकडच्या बाजूचे लोक विचारणार की आमच्या बाजूला फुटपाथ का नाही. त्यांना सावलीचा नकाशा दाखवा आणि दर 40-50 मीटरवर रस्ता फुटपाथच्या पातळीला उचलून घ्या, म्हणजे ओलांडताना उतरणं-चढणं नाही आणि गाडी तिथे हळू होतेच. एक नीट बाजू दोन अर्धवट बाजूंपेक्षा कितीतरी जास्त वापरली जाते, यावर मी ठाम आहे.

6 मीटरच्या गल्लीत हे बसत नाही, तिथे फुटपाथचा नाद सोडा, सगळा रस्ता एका पातळीत पेव्हर ब्लॉकचा करा, तोंडाशी चढ द्या, गाड्या चालण्याच्या वेगाने येतील असं करा.

दोन ठिकाणी हमखास बिघडतं. पहिलं म्हणजे गेट. प्रत्येक गेटसमोर फुटपाथ खाली उतरतो आणि परत चढतो, दर 15 मीटरवर एक उतार, मग गुडघे दुखणारी माणसं फुटपाथ सोडून देतात. रॅम्प त्या 2 मीटरच्या पट्ट्यात संपवायचा, फुटपाथ आपल्या पातळीत सरळ जाणार आणि गाडीने त्यावरून हळू जायचं. कर्बची म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको, ठेकेदार जुन्या डांबरावर नवीन थर टाकत जातो आणि त्या भीतीने कर्ब फूटभर उंच करतो, त्यावर उपाय म्हणजे नवीन थराआधी जुना खरवडून काढण्याची अट टेंडरमध्ये घालायला लावणं.

दुसरं झाडं. पूर्व-पश्चिम रस्त्यावर झाडांची ओळ फुटपाथच्या डोक्यावर आली पाहिजे, कारण दुपारी सूर्य वर असतो आणि सावली थेट खाली पडते. कडुनिंब, करंज, ताम्हण चांगली, गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडतात. खड्डा किमान सव्वा मीटर चौरस मोकळ्या मातीचा ठेवा, पेव्हर बुंध्याला चिकटवू नका. दोन चारचाकी मध्ये बसवल्या तर झाडांमधलं अंतर 11 मीटरच्या आसपास जातं, पसरट करंजाला ते चालतं पण सावली तुटक राहते, म्हणून पूर्व-पश्चिम रस्त्यावर मी एका गाडीनंतर एक झाड घेईन, म्हणजे अंतर 6-7 मीटर, पार्किंग कमी झालं तरी चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर महावितरणच्या तारा कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघा. तारांखाली लावलेलं झाड दर पावसाळ्याआधी अर्धं छाटलं जातं आणि कधीच छत्री धरत नाही. तारा आणि सावलीची बाजू एकच आली तर केबल जमिनीखाली घ्यायची मागणी करा, किंवा फुटपाथ दुसऱ्या बाजूला घ्या, पूर्व-पश्चिम रस्त्यावर तेवढं स्वातंत्र्य आहे कारण तिथे उन्हाळ्याची सावली झाडांचीच असते.

बिल्डरकडे काय मागायचं, आणि कधी

वेळ एकच, जागामालक आणि बिल्डर यांच्या करारावर सह्या व्हायच्या आधी. प्लॅन मंजूर झाल्यावर कोणी ऐकत नाही.

पाच मजले कमी करा म्हणून अडून बसण्यात फारसं हाती लागत नाही, त्यापेक्षा खालच्या चार मीटरवर भांडा. पायी माणसाला बिल्डिंगचे पहिले एक-दोन मजलेच जवळून दिसतात आणि नवीन बिल्डिंगमध्ये नेमकं तिथे काय असतं, तर खांबांमधलं अंधारं पार्किंग आणि त्याच्यापुढे दोन मीटरची आंधळी कंपाउंड वॉल. बंगल्याला व्हरांडा होता, झोपाळ्यावर कोणीतरी बसलेलं असायचं, रात्री नऊला क्लासवरून एकटी येणारी मुलगी त्या दिव्याच्या भरवशावर चालायची. ते गेलं की 1.2 चं गुणोत्तर खरंच भीतीदायक वाटायला लागतं. म्हणून मागा : कंपाउंडची भिंत दोन फुटांपर्यंतच, वर जाळी, रस्त्याच्या बाजूला वॉचमनची खोली आणि तिला रस्त्याकडे खिडकी, गेटजवळ तीन-साडेतीन मीटर उंचीवर पुढे आलेला छज्जा, आणि जमलं तर तिसऱ्या मजल्यापासून वरची भिंत दीड-दोन मीटर मागे. ती मागे घेतली की खालून बघणाऱ्याला बिल्डिंग तीन मजल्यांचीच वाटते. पूर्व-पश्चिम रस्त्याच्या दक्षिणेकडचा प्लॉट असेल तर तर हे मागे घेणं मागाच, वरचा भाग 2 मीटर मागे म्हणजे डिसेंबरच्या सावलीची कड 2 मीटर मागे, समोरच्या तळमजल्याला दुपारचं ऊन परत मिळतं.

उलट काय स्वीकारायचं नाही, तर मार्जिनमध्ये पुढे काढलेल्या बाल्कन्या एकावर एक पाचही मजले. त्याने भिंत ते भिंत 15 चं प्रत्यक्षात 13 होतं आणि गुणोत्तर 1.4 च्या जवळ जातं, प्लॅनमध्ये मार्जिन 3 मीटरच लिहिलेली असते.

जमलं की नाही ते कसं ओळखायचं

काम व्हायच्या आधी आणि झाल्यावर, मेच्या एकाच आठवड्यात, दुपारी साडेतीन ते चार अर्धा तास एका ठिकाणी उभं राहून दोन रकाने भरा, फुटपाथवरून गेलेले आणि डांबरावरून गेलेले. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बाबागाडीवाले वेगळे लिहा. फुटपाथ असूनही निम्म्याहून जास्त लोक डांबरावरून जात असतील तर पहिल्यांदा पातळी बघा, मग अडथळे, मग सावली, या क्रमाने, बहुतेक वेळा कारण पहिल्या दोनातच सापडतं. लोक फुटपाथवर आहेत पण ठरावीक तुकड्यात सगळे खाली उतरतात असं दिसलं तर तिथे जाऊन बघा, एखाद्या गेटचा रॅम्प, उघडं चेंबर किंवा आडवी लावलेली दुचाकी असणारच, तो तुकडा फोटोसकट प्रभागाच्या बांधकाम अभियंत्याकडे लेखी द्या आणि झाडांबद्दल असेल तर अर्ज उद्यान विभागाकडे वेगळा द्या, एकाच अर्जात दोन्ही घातलं की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.